मधलीच केळी पिवळी का पडली? कंदर भागातल्या एका पॅकहाऊसचं प्रकरण

करमाळा तालुक्यात कंदरच्या आजूबाजूला उजनीच्या फुगवट्यावर केळीच केळी दिसते. जी-नाइन जातीची, टिश्यू कल्चरची रोपं, ठिबक, आणि बरीचशी बाग आखातातल्या बाजाराकडं डोळे लावून बसलेली. तिथल्या एका पॅकहाऊसच्या मालकांनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्या हातात परदेशातल्या व्यापाऱ्यानं पाठवलेले फोटो होते. एका कंटेनरमध्ये १३ किलोची १५४० खोकी गेली होती, त्यातली दोनशेच्या वर खोकी पिवळी पडलेली निघाली. व्यापाऱ्याला हिरवी केळी हवी असतात, कारण पिकवायचं काम तो त्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये त्याच्या सोयीनं करतो. वाटेतच पिकलेली केळी त्याच्या दारात पोचली की तिला भाव उरत नाही.

लुधियानाच्या सीफेट या संस्थेनं २०१५ साली काढलेल्या अंदाजात फळांचं काढणीनंतरचं नुकसान, फळ कोणतं यावर, ६.७ ते १५.८८ टक्के होतं. या कंटेनरचं नुकसान त्याच पट्ट्यात बसत होतं. पण सरासरीचा आकडा कळून दुरुस्ती होत नाही. कोणती खोकी गेली आणि ती कुठं होती, हे कळल्यावर होते.

मालकांना सगळे तात्या म्हणतात, मीही तेच म्हणतो. तात्यांचा संशय दोन ठिकाणी होता. एक तर कंटेनरचं मशीन वाटेत बंद पडलं असणार, नाहीतर कुठल्या तरी शेतकऱ्यानं जास्त तयार झालेला घड घुसवला असणार. "आमची कोल्ड रूम तर तेरा-साडेतेरावरच असती की. डिस्प्ले बगा तुमी," असं म्हणून त्यांनी मला दारावरचा आकडा दाखवला. १३.४. खोटा नव्हता तो.

मी फोटोंपासून सुरुवात केली. खोक्यांवर पॅकहाऊसचे शिक्के आणि शेतकऱ्यांचे कोड होते, त्यामुळं थोडं डोकं चालवता आलं. मशीन बंद पडलं असतं तर सगळा कंटेनर कमी-जास्त बिघडला असता. दाराच्या बाजूनं हवा निसटत असती तर दाराकडचा माल गेला असता. जून झालेला घड असता तर पिवळी खोकी एकाच शेतकऱ्याच्या कोडची निघाली असती, आणि ती कंटेनरभर विखुरलेली दिसली असती. इथं कोड चार-पाच शेतकऱ्यांचे होते, पण खोकी एका ठिकाणी, कंटेनरच्या मधल्या भागात, थप्पीच्या आतल्या बाजूला होती. मग भरणी करणाऱ्या पोरांना विचारलं की कंटेनरच्या मधल्या भागात कोल्ड रूममधला कुठला माल जातो. उत्तर आलं की दाराजवळचा पहिल्यांदा, म्हणजे कंटेनरच्या टोकाला. खोलीच्या मधल्या थप्प्या नंतर, आणि भिंतीकडच्या सगळ्यात शेवटी. खोलीच्या मधोमध उभा राहिलेला मालच कंटेनरच्या मधोमध गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिथंच थांबलो. सुई असलेला थर्मामीटर फळात खुपसून गराचं तापमान घेता येतं, एका केळ्याचा बळी जातो एवढंच. दुपारी दीड वाजता टोळीनं तोडलेला घड शेडमध्ये आला तेव्हा गर ३१ अंश होता. फण्या काढल्या, तुरटीच्या पाण्यात चीक धुतला, वजन केलं, प्लास्टिकच्या पिशवीत भरलं, व्हॅक्यूमनं पिशवीतली हवा ओढून तोंडाला रबर लावलं, आणि खोकं बंद. कोल्ड रूममध्ये सहा-सहा फूट उंचीच्या थप्प्या एकमेकांना खेटून लावल्या. रात्री सव्वादोनला, म्हणजे बारा तासांनी, मी पुन्हा सुई घातली. खोलीची हवा १३.५. कडेच्या खोक्यात गर १८. मधल्या थप्पीतल्या खोक्यात २५.

तात्यांनी तो आकडा दोनदा वाचला. मग हातात केळं घेऊन दाबलं, जणू काही हाताला खरं कळणार होतं.

डिस्प्लेचा सेन्सर हवेचं तापमान सांगतो, आणि हवा खोलीत लवकर थंड होते. फळ थंड होतं ते त्याच्या सालीला लागून थंड हवा वाहिली तर. इथं हवा थप्पीच्या भोवतीनं फिरून परत तिला गार करणाऱ्या कॉइलकडं जात होती. खोक्याच्या बाजूला भोकं होती खरी, पण आतली पिशवी त्या भोकांना आतून चिकटून बसलेली, आणि शेजारचं खोकं बाहेरून. शिवाय केळं तोडल्यावरही श्वास घेत राहतं आणि स्वतःची उष्णता सोडतं. गरम केळं जास्त सोडतं. म्हणजे मधल्या खोक्याला बाहेरून थंडावा पोचत नव्हता आणि आतून ऊब तयार होत होती.

तात्यांचा पुढचा प्रश्न सरळ होता. पंचवीस अंशाचा माल गेला म्हणून काय झालं, कंटेनरही थंडच आहे ना, तो करेल थंड. हा गैरसमज मी नाशिकपासून सांगोल्यापर्यंत ऐकला आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

वीस टन केळी ३१ अंशांवरून साडेतेरावर आणायची तर तिच्यातून सुमारे ३३० युनिट उष्णता काढावी लागते. विजेच्या मीटरवर जे युनिट असतं तेच मोजमाप. चाळीस फुटी रीफर, म्हणजे शीत कंटेनरचं मशीन साधारण दहा-बारा किलोवॉट उष्णता ओढतं. त्यानं सगळी ताकद लावली आणि थंड हवा प्रत्येक खोक्यापर्यंत पोचली असं मानलं, तरी तीस तासांच्या आसपास लागतील. पण हवा प्रत्येक खोक्यापर्यंत पोचत नाही. कंटेनरमध्ये हवा खालच्या खाचांच्या फरशीतून वर येते, आणि माल खालून वर सलग असतो. पिशवीबंद खोक्यांच्या घट्ट भरणीत ती जिथं वाट मिळेल तिथून निसटते. हे मशीन थंड माल थंड ठेवण्यासाठी बनलेलं आहे, गरम माल थंड करण्यासाठी नाही.

त्यानंतरच्या एका कंटेनरमध्ये आम्ही मधल्या खोक्यात तापमान नोंदवत राहणारा डाटा लॉगर टाकून पाठवला. माल पोचल्यावर त्यातला आलेख आला. मशीनच्या पॅनलवर पहिल्या दिवसापासून पुरवठ्याची हवा साडेतेरा होती. मधल्या खोक्याला १६ च्या खाली यायला चार दिवस लागले. तेवढ्या उबेत केळं आतून पिकायला लागतं, इथिलीन वायू सोडतं, आणि ते इथिलीन शेजारच्या खोक्यांनाही पिकायला लावतं. दोन-चार खोक्यांपासून दोनशे होतात ते असे.

आता उपाय. तात्यांचा पहिला उपाय मी येण्याआधीच होऊन गेला होता, आणि तो सांगायला ते जरा लाजले. मागच्या महिन्यात एका रात्री त्यांनी खोली ९ अंशांवर लावली होती, लवकर गार होईल म्हणून. कॉइलसमोरची खोकी खरंच गार झाली. पण केळी १३ अंशांच्या खाली काही तास राहिली की सालीखालच्या पेशींना इजा होते. हिरव्या केळीवर ती डोळ्यांना दिसत नाही. साल थोडी सोलली तर खाली तपकिरी रेघा दिसतात. पिकवल्यावर मात्र फळ पिवळंधमक होत नाही, राखाडी, मातकट रंगाचं राहतं. त्या खेपेला व्यापाऱ्यानं "कलर नाही" म्हणून पैसे कापले होते, आणि ते का हे तोवर कोणाला कळलं नव्हतं. केळीत घाई करायला खालच्या बाजूला जागाच नाही. हवा १३.५ च्या खाली नेता येत नाही, म्हणून वेग वाढवायचा असेल तर हवेचं तापमान नाही, हवेचा प्रवाह बदलावा लागतो.

त्यासाठी यंत्रणा फार मोठी लागत नाही. खोलीच्या आत खोक्यांच्या दोन समांतर भिंती उभ्या केल्या, मध्ये दोन-अडीच फुटांची गल्ली सोडली. गल्लीवरून आणि एका तोंडावरून ताडपत्री ताणली, दुसऱ्या तोंडाला पंखा बसवला, गल्लीतली हवा बाहेर ओढणारा. पंखा सुरू झाला की गल्लीत दाब कमी होतो, ताडपत्री आत ओढली जाते, आणि खोलीतली थंड हवा गल्लीत यायला खोक्यांच्या भोकांतून जाण्याशिवाय दुसरा रस्ता राहत नाही. यालाच फोर्स्ड एअर प्रीकूलिंग म्हणतात. पण भोकं एकमेकांसमोर यायला हवीत. तात्यांची खोकी एका आड एक फिरवून रचली जायची, थप्पी पक्की राहावी म्हणून, आणि त्यात भोकासमोर पुठ्ठा यायचा. रचण्याची पद्धत बदलली, कडेला पट्ट्या बांधल्या.

आणि पिशवी? पहिल्या रात्री व्हॅक्यूमच्या पिशव्यांसह पंखा चालवला तेव्हा गर आणि हवा यांच्यातला फरक निम्मा व्हायला सात तास लागले. छिद्रांच्या पिशव्या वापरल्या तेव्हा साडेतीन. व्हॅक्यूमच्या पिशवीत प्राणवायू कमी होतो आणि पिकणं लांबतं, हा तिचा फायदा खरा आहे, आणि लांबच्या प्रवासाला तो सोडवत नाही. पण आखातापर्यंतच्या थोड्या दिवसांच्या वाटेवर, फळ आधीच पुरतं थंड असेल, तर तो फायदा फारसा लागत नाही. छिद्रांमुळं वजन थोडं घटतं. तात्यांनी खोक्यात शंभर-दीडशे ग्रॅम जादा टाकायचं ठरवलं आणि विषय संपवला.

फरक निम्मा होण्याचा हा काळ एकदा मोजला की पुढचं गणित पाटीवर करता येतं. ३१ चं फळ आणि १३.५ ची हवा, फरक साडेसतरा. साडेतीन तासांनी तो पावणेनऊ, म्हणजे गर २२ च्या थोडा वर. सात तासांनी गर १८ च्या आसपास. साडेदहा तासांनी पावणेसोळा. शेवटचे दोन अंश काढायला पहिल्या नऊ अंशांइतकाच वेळ लागतो आणि त्याहून जास्त लागू शकतो, म्हणून १५.५ ला थांबायचं, उरलेलं कंटेनरवर सोडायचं. एवढं त्याला जमतं.

इथं खरी अडचण आली. सुरुवातीच्या तासांत फळातून उष्णता सगळ्यात जोरात बाहेर पडते. पाच टन माल, ३१ अंश, आणि साडेतीन तासांचा निम्मेपणा, तर पहिल्या तासाला सुमारे १६ किलोवॉट फक्त फळातून. भिंती, पंखा आणि केळीचा श्वास मिळून आणखी चारेक. तात्यांच्या खोलीचं मशीन सहा टनांचं, हे टन मालाचे नव्हे, थंड करण्याच्या ताकदीचे, म्हणजे २१ किलोवॉट. याचा अर्थ एका खेपेला पाच टनांपेक्षा जास्त माल घेतला की खोलीच गरम होणार. कंटेनर वीस टनांचा, म्हणजे चार खेपा, प्रत्येकी अकरा तास. चव्वेचाळीस तास. मशीन विकणारे एक गृहस्थ तिथं आले होते, त्यांनी ताबडतोब दुप्पट मशीनचा भाव सांगितला.

मी तात्यांना म्हटलं, मशीन घ्यायच्या आधी घड्याळ बदलून बघू. पहाटे पाचला बागेत जाऊन सुई घातली. थंडीचे दिवस संपत आले होते तेव्हा, गर साडेतेवीस निघाला. दुपारपेक्षा साडेसात अंशांनी कमी, एक पैसा न खर्चता. आता हवेशी फरक फक्त दहाचा. १५.५ वर यायला आठ तास पुरतात, आणि सुरुवातीचा भार इतका उतरतो की एका खेपेला ५१५ खोकी, पावणेसात टन, आरामात बसतात. तीन खेपा, चोवीस तास, दिवसाला एक कंटेनर. मशीन तेच.

पहाटेची तोडणी बोलायला सोपी आहे. टोळीनं पहिल्यांदा साफ नकार दिला. केळीच्या बागेत अंधारात सापकिरडाची भीती, आणि पहाटे कोण उठणार. डोक्याला लावायचे दिवे आणि जादा मजुरी यावर तोड निघाली. दुसरी गोष्ट कोणी सांगितली नव्हती ती अशी की पहाटे घड पाण्यानं फुगलेला असतो, चीक जास्त वाहतो. पहिल्या आठवड्यात फण्यांवर चिकाचे डाग पडले आणि धुण्याच्या टाकीतलं पाणी दुप्पट वेळा बदलावं लागलं. फुगलेलं केळं वाहतुकीत पटकन तडकतंही, म्हणून घड खांद्यावरून थेट फोमवर ठेवायची सवय लावावी लागली. हे सगळं बसायला महिना गेला.

कंटेनर भरतानाच्या दोन चुका वेगळ्या सांगायला हव्यात. एक, भरणी सुरू असताना मशीन चालूच ठेवायचं, "आत गार राहील" म्हणून. दार उघडं असताना बाहेरची दमट, गरम हवा आत ओढली जाते, कॉइलवर बर्फ धरतो, आणि दार लागल्यावर मशीन थंडावा देण्याऐवजी तो बर्फ वितळवत बसतं. भरताना मशीन बंद, दार लागलं की चालू. दुसरी, शेवटच्या रांगेनंतर दाराजवळ उघडी राहणारी फरशी. खालून येणारी हवा सोप्या वाटेनं तिथूनच वर निघून जाते. आता तिथं पुठ्ठा टाकून फरशी झाकतात. एवढासा पुठ्ठा, पण तो विसरला तर वर सांगितलेली सगळी मेहनत मधल्या रांगांपर्यंत पोचत नाही.

नव्या पद्धतीनं गेलेल्या तिसऱ्या कंटेनरचा लॉगर परत आला तेव्हा आलेखात एक टेंगूळ दिसलं. गाडी निघाल्यावर पाच तासांनी तापमान चढायला लागलं, अडीच तास चढत राहिलं, मग उतरलं. ड्रायव्हरनं वाटेत कुठंतरी जेवायला थांबून कंटेनरच्या मशीनला वीज देणारा जेनसेट बंद केला होता, डिझेल वाचवायला. पण चढ होता एक अंशाच्या आत. सगळा माल आतपर्यंत थंड असला की तो स्वतःच थंडावा धरून ठेवतो. तो बंद जेनसेट पूर्वीही असणार, आम्हाला दिसत नव्हता इतकंच. त्या कंटेनरमध्ये पिवळी खोकी सात निघाली, तीही दाराजवळची.

तात्यांना आता याच खोलीत मोसमात सांगोल्याचं डाळिंब आणि पंढरपूरकडची द्राक्षं ठेवायची आहेत. मी नको म्हटलं. द्राक्षं शून्याच्या आसपास लागतात, डाळिंब पाच ते सात अंशांवर बरं राहतं, आणि त्या दोन्ही तापमानांत केळी मरते. तापमान जुळवलं तरी हे मशीन साडेतेरासाठी निवडलेलं आहे. शून्यावर त्याची ताकद पुष्कळ उतरते आणि कॉइलवरचा बर्फ काढण्याची सोयही त्यात नाही. केळी नसताना खोली रिकामी दिसते हे तात्यांचं दुःख मला कळतं. तरी नाही.

एप्रिलच्या शेवटी मी पुन्हा गेलो. दुपारी बेचाळीस अंश, आणि पहाटे पाचला बागेतल्या केळ्याचा गर २७. फरक साडेतेराचा, म्हणजे १५.५ ला जवळजवळ दहा तास. त्यात बाहेरच्या उन्हानं मशीनची ताकद उतरलेली, त्यामुळं खेपेला पाच टनांच्या वर जाता येत नाही. चार खेपा झाल्या, कंटेनरला दीड दिवस लागायला लागला. बाग मात्र दीड दिवस थांबायला तयार नसते. उन्हाळ्यात घड झपाट्यानं भरतो, निर्यातीला लागणारी पाऊणभर तयारी ओलांडतो, आणि मग तो इथल्याच बाजारात द्यावा लागतो. दोन शेतकरी त्या दिवशी तात्यांशी भांडून गेले. शेडवर पत्र्याखाली सावलीची जाळी आणि कंडेन्सरसमोर ओला पडदा लावून थोडी ताकद परत मिळाली. दुप्पट मशीनचा भाव सांगणारे ते गृहस्थ पुन्हा येऊन गेल्याचं तात्या म्हणाले, आणि या वेळी त्यांनी कागद ठेवून घेतला होता.